आपल्याच ताईला नकार कळवताना

आज एका पत्राबद्दल बोलू या. पत्र एका पानाचं असतं, पण ते लिहायची वेळ आली की कार्यकारिणीतल्या भल्याभल्या बायका पेन खाली ठेवतात. आपल्याच संस्थेत काम करणाऱ्या एखादीने दुसऱ्या जागेसाठी अर्ज केलेला असतो, तिची निवड झालेली नसते, आणि आता तिला ते कळवायचं असतं.

बाहेरच्या उमेदवाराला नाही म्हणणं सोपं आहे. त्याची आपली पुन्हा गाठ पडेलच असं नाही. ही ताई मात्र उद्या सकाळी त्याच एसटीने त्याच गावांना जाणार, त्याच बचतगटांच्या बैठका घेणार आणि महिनाअखेरीला आपल्यासमोर बसून अहवाल देणार. नकारानंतरही तिचं आपलं काम चालूच राहतं. म्हणून हे पत्र वेगळं लिहावं लागतं.

आपल्या ओळखीचंच उदाहरण घेऊ. महिला आर्थिक विकास महामंडळ, म्हणजे आपलं माविम, 24 फेब्रुवारी 1975 रोजी स्थापन झालं. गटांची बांधणी झाल्यावर गावागावांतल्या गटांना मिळून लोकसंचालित साधन केंद्रं उभी राहिली. केंद्र ही नोंदणी झालेली संस्था असते आणि तिची कार्यकारिणी गटांतल्याच महिलांची असते. केंद्रात व्यवस्थापक असते, लेखापाल असते आणि गावोगाव फिरणाऱ्या सहयोगिनी असतात. यात नेमणूक करणारी आणि नकार देणारी दोन्ही माणसं बचतगटातूनच आलेली असतात. मोठ्या कंपनीत नकाराचं पत्र लिहायला वेगळा विभाग असतो. आपल्याकडे ते अध्यक्ष ताईंना लिहावं लागतं, आणि समोरची कदाचित त्यांच्याच गावची सून असते.

आता समजा, एका केंद्रात लेखापालाची जागा रिकामी झाली. आठ वर्षं सहयोगिनी असलेल्या एका ताईने अर्ज केला. तिच्या भागातल्या गटांच्या बैठका वेळेवर होतात, परतफेड चांगली आहे, गटांच्या सचिवांना वही लिहायला तिनेच शिकवलं आहे. साहजिकच तिला वाटलं, हिशोबाची जागा आपल्यालाच मिळेल. गावातही तसंच बोललं जात होतं. ही ताई आणि हा प्रसंग मी बोलण्यापुरता घेतला आहे, आकडेही समजायला सोपे घेतले आहेत. अशी ताई मात्र तुमच्या ओळखीची असेल.

कार्यकारिणीने अर्ज मागवतानाच सांगितलं होतं की हिशोबाची 50 गुणांची परीक्षा होईल आणि त्यात किमान 30 गुण लागतील. हे आधी सांगणं फार गरजेचं आहे. कसोटी आधी ठरलेली नसेल तर नंतर दिलेलं कोणतंही कारण मागून शोधल्यासारखं वाटतं, आणि बऱ्याचदा ते तसंच असतं. ताईला 22 गुण मिळाले.

ती कुठे कमी पडली? परीक्षेत बँक ताळमेळाचं एक गणित होतं. गटाच्या आणि केंद्राच्या हिशोबात खरा फरक इथेच पडतो. गटाचा बराचसा व्यवहार बैठकीत, रोखीने, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होतो. रक्कम मोजली, वहीत लिहिली, मेळ लागला की वही बंद. केंद्राचा व्यवहार बँकेतून चालतो. तिथे आपली वही आणि बँकेचं पासबुक एकाच दिवशी क्वचितच सारखं बोलतं. आपण चेक दिलेला असतो, पण समोरच्याने तो बँकेत टाकलेला नसतो. बँकेने व्याज जमा केलेलं असतं, ते आपल्या वहीत अजून आलेलं नसतं. म्हणून महिन्याला दोन्ही शिलकांचा मेळ कागदावर लावून दाखवावा लागतो.

परीक्षेतल्या गणितात रोकड वहीप्रमाणे बँकेतली शिल्लक 45,150 रुपये होती आणि पासबुकात 49,700 रुपये. एक 4,000 रुपयांचा चेक दिलेला होता, पण तो वटलेला नव्हता. बँकेने 700 रुपये व्याज दिलं होतं आणि 150 रुपये खर्चापोटी कापले होते. या दोन्ही नोंदी वहीत नव्हत्या. वहीच्या शिलकेत चेकचे 4,000 मिळवायचे, कारण ते पैसे अजून बँकेतच आहेत. मग व्याजाचे 700 मिळवायचे. झाले 49,850. त्यातून कापलेले 150 वजा केले की 49,700 येतात आणि मेळ लागतो.

ताईने चेक बरोबर धरला, व्याजही बरोबर धरलं. पण बँकेने कापलेले 150 वजा करायच्या ऐवजी मिळवले, म्हणून तिचं उत्तर 50,000 आलं. पासबुकापेक्षा 300 रुपये जास्त. हिशोब जाणणारी बाई इथे थांबते. फरक 300 आहे, त्याचं अर्धं 150, आणि 150 ची एक नोंद समोरच आहे, म्हणजे ती उलट्या बाजूला गेली असणार. जुन्या कारकुनांची ही साधी युक्ती आहे. ताई थांबली नाही. तिने खाली ‘किरकोळ फरक 300’ असं लिहिलं आणि मेळ लावून टाकला.

कार्यकारिणीला खटकलं ते हेच. मिळवणी-वजाबाकीत कुणीही चुकतं. पण लेखापालाने न सापडलेल्या फरकाला नाव देऊन तो झाकला, तर तीनशेच्या जागी तीन हजार झाले तरी वर्षाच्या तपासणीपर्यंत कुणाला कळणार नाही. ते पैसे गटांचे असतात. या ताईच्या मनात काही वाईट नव्हतं. गटात बैठक संपवायची घाई असते, तिथे दोन-पाच रुपयांचा फरक असा मिटवला जातो, आणि तीच सवय तिच्या हाताला लागली होती.

आता पत्र. एका केंद्रात अशाच वेळी दोन ओळींचं पत्र गेलेलं मी पाहिलं आहे: ‘सदर पदासाठी आपली निवड होऊ शकली नाही. आपल्या उज्ज्वल भविष्यासाठी शुभेच्छा.’ सहा वर्षं काम करणाऱ्या बाईला भविष्यासाठी शुभेच्छा! जणू ती संस्था सोडून चालली आहे. तिने ते पत्र वाचून मला विचारलं, ‘म्हणजे मी आता येऊ नको का?’

दुसरा प्रकार याच्या उलटा. अध्यक्ष ताईंना वाईट वाटतं, म्हणून त्या पत्रभर कौतुक करतात आणि नकार शेवटून दुसऱ्या ओळीत येतो. वाचणारीला वाटतं आपली निवड झाली. पेढे आणायला माणूस पाठवल्यावर कळतं की झालेली नाही.

तिसरा प्रकार सगळ्यांत जास्त दिसतो आणि सगळ्यांत जास्त नुकसान करतो. खरं कारण सांगायचं नाही म्हणून सोयीचं कारण द्यायचं. ‘तुमचं लेकरू लहान आहे, तुम्हाला जमलं नसतं.’ ‘घरची माणसं उशिरापर्यंत थांबू देणार नाहीत.’ ऐकायला हे मायेचं वाटतं. पण तिने काय सुधारायचं? लेकरू? आणि हे निव्वळ चुकीचंही आहे. सारख्या कामाच्या भरतीत बाई म्हणून भेदभाव करायला 1976 च्या समान वेतन कायद्याने मनाई केली, आणि 1987 च्या दुरुस्तीने बढती, प्रशिक्षण आणि बदली हेही त्यात आलं. बायकांच्या संस्थेने बाईला लेकराचं कारण द्यावं, यापरतं लाजिरवाणं काही नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. तिला वेळ देणं जमेल की नाही, हे तिचं तिला ठरवू द्या.

पत्राच्या आधी तोंडी सांगायचं. निवड झालेलीचं नाव जाहीर करण्याच्या आधी, शक्य तर आदल्या दिवशी, ताईला केंद्रात बोलवावं. तिच्या घरी जाऊ नये. घरी सासू असते, जाऊ असते, शेजारीण डोकावते, आणि मग तो निरोप तिचा राहत नाही. मासिक बैठकीत सगळ्यांसमोर तर मुळीच सांगू नये. अध्यक्ष आणि व्यवस्थापक अशा दोघींनी बसावं, पहिल्या वाक्यातच सांगावं, आणि मग गप्प बसावं. ती रडली तर रडू द्यावं. चहा नंतर. तोंडी जे सांगितलं तेच पत्रात हवं, कारण भरल्या डोळ्यांनी ऐकलेलं निम्मं लक्षात राहत नाही. दुसऱ्या दिवशी ती शांतपणे वाचेल तेव्हा कामाची गोष्ट कागदावर असली पाहिजे. पत्र बंद पाकिटात द्यावं. केंद्राच्या व्हॉट्सअॅप गटावर टाकू नये, हे सांगायला नको, पण तेही होतं म्हणून सांगते.

आपल्या ताईसाठी पत्र असं लिहिता येईल:

‘प्रिय ताई, सप्रेम नमस्कार. लेखापाल पदासाठी तुम्ही केलेल्या अर्जाबाबत कार्यकारिणीचा निर्णय कळवत आहोत. या पदासाठी तुमची निवड झालेली नाही. तुमचे सहयोगिनीचे काम, मानधन आणि तुमच्याकडील गावे यांत कोणताही बदल नाही.

निर्णयाचे कारण असे. हिशोबाच्या परीक्षेत किमान 30 गुण आवश्यक होते, तुम्हाला 22 मिळाले. रोकड वही तुम्ही अचूक लिहिली. गुण मुख्यतः बँक ताळमेळात गेले. तेथे 150 रुपयांची नोंद उलट्या बाजूला गेल्याने 300 रुपयांचा फरक आला, आणि तो न शोधता “किरकोळ फरक” असा दाखवला गेला. लेखापालाच्या कामात न सापडलेला फरक तसाच उघडा ठेवून शोधत राहावे लागते, म्हणून समितीने या मुद्द्याला महत्त्व दिले. तुमची उत्तरपत्रिका तुम्हाला केंद्रात केव्हाही पाहता येईल.

तुमची इच्छा असल्यास, नोव्हेंबर, डिसेंबर आणि जानेवारी या तीन महिन्यांत दर महिन्याच्या 5 तारखेला दोन तास तुम्ही केंद्रात बसून बँक ताळमेळाचा सराव करावा. मागील वर्षाच्या वहीच्या आणि पासबुकाच्या प्रती दिल्या जातील. व्यवस्थापक तुमचे काम तपासतील. हा वेळ कामाचा धरला जाईल आणि प्रवासखर्च केंद्र देईल.

पुढे हिशोबाचे कोणतेही पद निघाल्यास तुम्हाला पुन्हा अर्ज करता येईल. त्या वेळीही परीक्षा सर्वांसाठी सारखी असेल. तुमच्या गटांच्या सचिवांना वही लिहिण्यास तुम्ही शिकवले, याची समितीने निवडीच्या वेळी नोंद घेतली आहे. आपली, अध्यक्ष.’

हे पत्र असंच्या असं उतरवू नका, तुमच्या केंद्राची गोष्ट वेगळी असेल. पण त्यातल्या काही जागा अशा का आहेत ते सांगते.

नकार तिसऱ्या वाक्यात आहे आणि त्याला ‘खेदाने’, ‘दुर्दैवाने’ अशी झालर नाही. तिला लागतो तो निर्णय लागतो, झालरीने तो मऊ होत नाही. त्याच्या लगेच खाली काम, मानधन आणि गावे यांचं वाक्य आहे. नकार वाचला की पहिला प्रश्न मनात येतो तो हाच: आता माझं जुनं काम राहतं का? त्याचं उत्तर दुसऱ्या पानावर ठेवू नये.

कारण एकच आहे. ताईचं टायपिंग हळू होतं, मुलाखतीत ती अडखळली होती, हेही समितीला दिसलं असेल. पण निर्णय ज्यामुळे झाला तेवढंच लिहायचं. पाच उणिवा वाचल्या की माणूस एकही सुधारत नाही, फक्त दुखावतो. आणि ते एक कारण कागदावर दाखवता येईल असं आहे. ‘तुमच्यात आत्मविश्वास कमी आहे’ हे कारण मी कधीच लिहू देणार नाही. ते मोजता येत नाही, दाखवता येत नाही, आणि ती उद्यापासून काय करील तेही त्यातून कळत नाही. ‘फरक झाकला गेला’ हे दाखवता येतं. तिथेही ‘तुम्ही अप्रामाणिक’ असं कुठे म्हटलेलं नाही. कागदावर काय घडलं तेवढंच आहे.

निवड झालेल्या ताईचं नाव किंवा तिच्याशी तुलना पत्रात नाही. उत्तरपत्रिका दाखवायची ती तिची तिलाच. दुसरीची मागितली तर नम्रपणे नाही म्हणायचं.

सरावाचे महिने नोव्हेंबर ते जानेवारी का? आपल्या बीडमध्ये दसऱ्यानंतर ऊसतोडीला गावं निघतात, ती उन्हाळा लागता लागता परततात. त्या काळात पुष्कळ गटांच्या बैठकांना अर्ध्याच बायका असतात आणि सहयोगिनीचा हात थोडा मोकळा असतो. ‘सवडीने शिका’ असं लिहिलं असतं तर ती सवड कधीच आली नसती. ज्या गावांतून फारशी माणसं जात नाहीत, तिथल्या ताईला दुसरे महिने द्या.

आणि शिकवायला व्यवस्थापक का, नवीन लेखापाल का नाही? कारण जिच्यामुळे आपली जागा गेली असं वाटतं, तिच्याच समोर वही घेऊन बसणं पहिल्या महिन्यांत कुणालाही जड जातं. पुढे दोघींची मैत्री होईल, पण ती त्या दोघींनी करायची, पत्राने नाही. सरावाला मागच्या वर्षाची तपासून झालेली वही घ्यायची, म्हणजे बरोबर उत्तर आधीच माहीत असतं आणि चालू हिशोबाला धक्का लागत नाही. तीन महिने सलग मेळ लागला आणि आलेला प्रत्येक फरक तिने नोंदीपर्यंत जाऊन शोधला, तर ही अडचण संपली असं समजावं. हे तिच्या फाइलला लिहूनही ठेवावं.

पत्रात एक वाक्य मुद्दाम नाही: ‘पुढच्या वेळी तुमचाच विचार करू.’ हे बोलायचा मोह फार होतो, विशेषतः समोर डोळे भरलेले असतात तेव्हा. पण पुढच्या वेळी कार्यकारिणी बदललेली असेल, जास्त तयारीची कुणी आलेली असेल. मग दुसरा नकार हा नुसता नकार राहत नाही, तो शब्द मोडणं होतो. अर्ज करता येईल एवढं सांगणं खरं आहे, तेवढंच सांगावं.

कधी कधी कारण उमेदवारात नसतंच. ती गावात इतकी चांगली चालते की तिच्या जागी दुसरी मिळणार नाही, म्हणून तिला वर घ्यायचं नाही, असं कार्यकारिणी मनातल्या मनात ठरवते आणि पत्रात गुणांचं काहीतरी लिहिते. हे करू नये. चांगलं काम केल्याची शिक्षा म्हणून तिला तिथेच बांधून ठेवणं होतं ते, आणि ती हुशार असेल तर तिला ते कळतंच. अशा वेळी पत्र लिहायच्या आधी निर्णयाकडेच पुन्हा बघायला हवं. शिक्षणाची अट पूर्ण होत नसेल तर तेवढंच एक वाक्य लिहावं. परीक्षेतलं काही त्याला जोडू नये, नाहीतर ती वर्षभर हिशोब शिकेल आणि पुन्हा त्याच अटीवर अडेल.

पत्र लागू पडलं की नाही हे कसं ओळखायचं? आठ-दहा दिवसांनी, कामाच्या ओघात, तिलाच विचारायचं: काय ठरलं मग? ‘ताळमेळ शिकायचा आहे, 5 तारखेला येते,’ असं ती म्हणाली तर पोचलं. ‘माझं शिक्षण कमी पडलं,’ किंवा ‘त्यांचं आधीच ठरलेलं होतं,’ असं ऐकू आलं, तर तिच्या हातात पत्र असूनही कारण पोचलेलं नाही. मग उत्तरपत्रिका काढून तिच्याजवळ बसावं आणि त्या 300 रुपयांवर बोट ठेवून, 150 ची नोंद तिलाच शोधू द्यावी. ती बहुतेक वेळा पाच मिनिटांत सापडते, आणि ती सापडल्यावरचा चेहरा बघण्यासारखा असतो.

आणि ती म्हणाली, मला हिशोब शिकायचाच नाही, माझी गावं बरी आहेत, तर तेही ठीक. पत्रात ‘तुमची इच्छा असल्यास’ हे शब्द त्याचसाठी आहेत. तिचं उत्तर तारखेसह फाइलला लावावं, 5 तारखेची वेळ रद्द करावी, आणि पुढच्या सोमवारी नेहमीसारखा तिच्या गटांचा आढावा घ्यावा.